वहीच्या पानाचे फोटो: एका दशकाचा मागोवा

मी जिथे शिकवत होते त्या शाळेने या जूनमध्ये शनिवारचा हस्ताक्षराचा तास वेळापत्रकातून काढून टाकला. मुलांना पुढे सगळे टाइपच करायचे आहे, असे कारण पालकसभेत सांगितले गेले. दहावीची बोर्डाची उत्तरपत्रिका आजही हातानेच लिहावी लागते, याची आठवण तिथे कोणी करून दिली नाही. त्या निर्णयाचा मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

माझ्या नोकरीच्या पहिल्या वीसेक वर्षांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पाटी होती, कित्ता होता, दुरेघी वही होती. तपासलेल्या पानाखाली लाल शाईत 'अक्षर सुधारा' एवढाच शेरा पडायचा. त्या शेऱ्याशी माझे कायमचे भांडण आहे, कारण काय बिघडले आणि का बिघडले याचा त्यात पत्ताच नसतो. शेऱ्याबरोबर हा उतारा दहा वेळा लिहून आण अशी शिक्षाही यायची. असे दहा उतारे कोणीही समोर ठेवून पाहावेत. पहिल्यापेक्षा दहावा हमखास वाईट असतो. हात दमलेला असतो आणि दमलेल्या हाताला तीच चूक पुन्हा पुन्हा गिरवायला लावलेली असते. नंतर गाळलेल्या जागा भरण्याच्या कृतिपत्रिका आल्या, सलग लिखाण कमी झाले आणि वर्षे एकामागून एक गेली.

खरे शिकायला मिळाले ते 2014 नंतरच्या दहा वर्षांत. मी निवृत्त झाले त्याच सुमारास पालकांच्या हातात कॅमेऱ्याचे फोन आले होते. "बाई, याचं अक्षर बघा ना जरा," म्हणत ते वहीच्या पानाचे फोटो पाठवू लागले. वर्गात चाळीस वह्या तपासताना एका पानाला जेमतेम अर्धा मिनिट मिळायचा. फोटो मात्र मोठा करून पाहता येत होता आणि दोन महिन्यांनी काढलेल्या दुसऱ्या फोटोशेजारी ठेवता येत होता.

मात्र फोटो नीट काढलेला हवा. मी सांगत असे की वही खिडकीजवळ ठेवा आणि उजेड बाजूने येऊ द्या, म्हणजे फोनची सावली पानावर पडणार नाही आणि दाबाच्या खुणाही दिसतील. फोन पानाला समांतर धरा, चारही कोपरे चौकटीत येऊ द्या. तिरका फोटो आला की ओळी उतरत्या वाटतात आणि मुलाला नाहक बोलणी बसतात. अशा वेळी आधी छापील रेघा पाहाव्यात. त्याही उतरत्या दिसत असतील तर दोष कॅमेऱ्याचा. त्याच पानाच्या मागच्या बाजूचा एक फोटो मी आवर्जून मागत असे. आणखी एक फोटो हवा असायचा तो लिहिणाऱ्या हाताचा, बाजूने काढलेला. पेन्सिलची पकड, मनगट आणि पान कसे ठेवले आहे, हे लिहून झालेल्या पानावरून कळत नाही. रेघा कोणत्या क्रमाने ओढल्या तेही कळत नाही.

फोटो आला की मी सगळे पान वाचत बसत नसे. आधी पहिल्या तीन ओळी पाहायच्या, मग शेवटच्या तीन. दोन्हीकडे एकच अक्षर चुकत असेल तर मुलाला त्याचे वळणच ठाऊक नसते. वरच्या ओळी चांगल्या आणि खालच्या विस्कटलेल्या असतील तर अक्षरे त्याला येतात, हात मात्र साथ देत नाही. या दोन मुलांना एकच कित्ता देणे चूक आहे, आणि आपण वर्षानुवर्षे तेच करत आलो.

चौथीतल्या एका मुलाचे पान अजून डोळ्यांसमोर आहे. इंग्रजी माध्यमाची शाळा, निबंध पावसाळ्यावरचा, एकरेघी वहीत लिहिलेला. आईने सोबत लिहिले होते, "अगदी गचाळ आहे, रोज दोन पानं लिहून घेते, तरी फरक नाही." पहिल्या चार ओळींत अक्षरे नेटकी होती. पाचव्या-सहाव्या ओळीपासून ती मोठी होत गेली, काना उजवीकडे कलू लागला, वेलांटी अक्षरापासून सुटली आणि दोन शब्दांमधली जागा नाहीशी झाली. 'ध' सगळीकडे 'घ'सारखा होता, पहिल्या ओळीतही. मागच्या बाजूच्या फोटोत प्रत्येक ओळ उठून आलेली दिसत होती, बोट फिरवले असते तर हाताला लागली असती. हाताच्या फोटोत पेन्सिल टोकाच्या अगदी जवळ धरलेली होती, अंगठा दुमडून वर चढला होता आणि पान टेबलाच्या कडेला समांतर, सरळ होते.

त्यामुळे मुख्य दोष दाबाचा ठरला. इतका जोर लावून लिहिणारा मुलगा पाच ओळींत दमणारच. 'ध'चा दोष वेगळा होता, म्हणून तो बाजूला ठेवला. एका वेळी एकच गोष्ट घ्यायची, हे मी या दशकात शिकले. रोजची दोन पाने आईला बंद करायला सांगितली. त्याऐवजी आठ-दहा मिनिटे, तीही शाळेतून आल्या आल्या नाही, खाऊन-खेळून झाल्यावर.

पेन्सिल एचबीऐवजी टूबी घेतली. ती मऊ असते, कमी जोरातही काळी उमटते, त्यामुळे दाबायची गरज उरत नाही. पकड टोकापासून दोन-अडीच सेंटिमीटर मागे सरकवली. मुलगा उजव्या हाताने लिहिणारा होता, म्हणून पानाचा वरचा भाग डावीकडे थोडा कलता ठेवला आणि कागद डाव्या हाताने धरायला शिकवले. डावखुऱ्या मुलाचे पान उजवीकडे कलते ठेवावे लागते, नाहीतर आपलेच लिहिलेले पाहण्यासाठी तो मनगट वाकडे करतो.

मग खेळ. एक लांब पट्टी आखायची आणि तिच्या एका टोकाला जेमतेम दिसेल इतक्या फिक्या छटेपासून दुसऱ्या टोकाला गडद काळ्यापर्यंत रंगवत जायचे. फिके, मध्यम आणि गडद यांतला फरक हाताला कळला की जोर कमी करणे म्हणजे काय ते मुलाला सांगावे लागत नाही. त्यानंतर मधल्या छटेत नुसत्या कान्यांची एक ओळ, वरून खाली, सारख्या अंतरावर. मग ग, म, न, त अशी शेवटी काना असलेली अक्षरे आणि त्यांचेच शब्द: नमन, गमन, मत, गत. शब्द पुरा झाल्यावर शिरोरेषा एका दमात ओढायची आणि ती शब्दाबरोबर थांबवायची. प्रत्येक अक्षराला वेगळी रेघ देणाऱ्या मुलाच्या रेघा पुढच्या शब्दात घुसतात, म्हणून शब्द चिकटतात. शेवटी ओळीतले स्वतःला आवडलेले एक अक्षर त्यानेच गोल करायचे. चुकलेल्यावर खूण कोणी करायची नाही.

तीन आठवड्यांनी तीच वाक्ये, तसल्याच वहीत, दिवसाच्या त्याच वेळी लिहून दुसरा फोटो आला. मागची बाजू जवळजवळ सपाट झाली होती. काना सरळ होता, आठव्या ओळीपर्यंत आकार टिकला होता. त्यानंतर मात्र अजूनही अक्षर पसरत होते आणि 'ध' जसाच्या तसा 'घ' होता. मग 'ध' घेतला. त्याच्या डोक्याला सुरुवातीचा वळसा द्यायचा आणि शिरोरेषा फक्त कान्यावर ठेवायची, डावीकडे मोकळे सोडायचे. 'भ' आणि 'थ' त्याच्याबरोबरच, कारण त्यांच्यातही तीच मोकळीक लागते. धन, भात, थवा. हे सुटायला दाबापेक्षा कमी वेळ लागला.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि अशा फोटोंचा पूर आला. इथे माझे दुसरे भांडण सुरू होते. गृहपाठाचे पान म्हणजे पोचपावती झाली. फोटो पाठवला, गटावर बरोबरची खूण आली, संपले. त्यात पान स्कॅन करून काळे-पांढरे करणारी ॲप आली. ती पान स्वच्छ करतात आणि दाब, खोडाखोड, फिकी पडत गेलेली रेघ हे सगळे पुसून टाकतात. ज्या खुणांवरून निदान करायचे त्याच जातात. त्याच वर्षी राज्यात सर्व शाळांमध्ये मराठी सक्तीची करणारा कायदा झाला. चांगला कायदा आहे. पण चाररेघी वहीत इंग्रजी लिहून सवय झालेली मुले देवनागरी अक्षर खालच्या रेघेवर बसवतात. खालची टोके एका ओळीत येतात, डोकी वर-खाली होतात आणि मग शिरोरेषा लाटेसारखी ओढावी लागते. आपली अक्षरे वरच्या रेघेला धरून खाली उतरतात, एवढे सांगायला आणि महिनाभर दुरेघी वही द्यायला कुणाला फुरसत झाली नाही.

शाळांनी सोडलेली जागा जाहिरातबाज वर्गांनी घेतली. ठराविक दिवसांत मोत्यासारखे अक्षर देण्याची हमी, आणि सगळ्या मुलांना एकच छापील वळण. तिथून आलेली पाने मी पाहिली आहेत. कित्त्याच्या वहीत अक्षर देखणे असते आणि इतिहासाच्या वहीत पुन्हा जुने, कारण वेग वाढला की हात मूळ सवयीवर जातो. म्हणून मी नेहमी दोन पानांचे फोटो मागितले, एक सावकाश लिहिलेले आणि एक वर्गात घाईत उतरवलेले. सुधारणा खरी की नाही ते दुसऱ्या पानावर ठरते.

काही पाने सरावाची नसतातच. मूल तोंडी भरभरून सांगते आणि कागदावर दोन ओळींत थांबते, तिसरी-चौथीतही अक्षरे उलटी काढते, शब्दांतली अक्षरे गाळते, लिहिताना हात दुखतो म्हणते. अशा वेळी कित्ता बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञ किंवा व्यवसायोपचार तज्ज्ञाकडे जावे. मुंबईत सायन रुग्णालयात अध्ययन अक्षमतेची तपासणी होते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि बोर्डाच्या परीक्षेत अशा मुलांना जादा वेळ आणि लेखनिक मिळू शकतो. फोटोवरून निदान करणे माझे काम नव्हते, शंका सांगणे होते. काही पालकांना ती शंका आवडली नाही. पण अक्षरावरून मार खाणारी मुले मी पाहिली आहेत, त्यामुळे गप्प राहणे मला जमले नाही.

शाळांनी आठवड्यातला तो एक तास परत द्यावा. तो मिळेपर्यंत पालकांनी एवढे करावे: महिन्यातून एकदा घाईत लिहिलेल्या एका पानाचा फोटो, खिडकीच्या उजेडात, मागच्या बाजूसह काढावा आणि तारीख घालून जपून ठेवावा. पुढचे पान त्याच्या शेजारी ठेवून पाहावे आणि मुलाला एका वेळी एकच गोष्ट सांगावी.