होकार आधी, घरचं मग

लग्नाच्या मागणीला पुष्कळदा असं उत्तर जातं : 'हो, पण घरी काय म्हणतील?' लिहिणारीचा होकार पक्का असतो, वाचणाऱ्याला मात्र ती अजून विचार करते आहे असं वाटतं. म्हणून आनंद आणि घरचा विषय एकाच वाक्यात कोंबू नयेत.

समजा, ती सांगलीत नर्स आहे, तो पुण्यात नोकरीला. जाती वेगळ्या. त्याने पत्रातून विचारलं. तिचं उत्तर असं असू शकेल :

'हो. मला तुझ्याशीच लग्न करायचंय. पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच राहिला. आई दवाखान्यात होती तेव्हा तू रात्रीच्या एसटीने आलास, माझं तेव्हाच ठरलं होतं.

आता घरचं. माझा होकार कुणाच्या परवानगीसाठी अडलेला नाही. पण दोन्ही घरी हे आपल्याच तोंडून कळावं. मी आधी आईला सांगीन, मग आम्ही दोघी बाबांशी बोलू. तुझ्याकडे आधी कुणाशी बोलणं सोपं जाईल? रविवारी फोनवर ठरवू. तोवर कुणालाच नको, ताईलाही नको.'

पहिल्या परिच्छेदात एकही अट नाही. एसटीची आठवण त्या दोघांचीच असल्याने आनंद खरा वाटतो. दुसऱ्या परिच्छेदात ती स्वतःचा बेत सांगते आणि त्याला एकच प्रश्न विचारते. 'तुझे आईबाबा तयार होतील का?' असं तिने विचारलं असतं, तर त्याला उत्तर देता आलं नसतं. आधी कुणाशी बोलायचं, हे मात्र तो ठरवू शकतो.

रविवारच्या फोनवर तीन गोष्टी ठरल्या तर पुरे : दोन्ही घरी शक्यतो एकाच दिवशी सांगायचं, आपापल्या घरी ज्याने त्याने बोलायचं, आणि जात किंवा पत्रिकेचा प्रश्न आला तर दोघांचं उत्तर एकच असायचं. एका घरी आठवडाभर आधी कळलं, तर बातमी आत्या-मामांमार्फत दुसऱ्या घरी पोचते आणि 'आम्हाला शेवटी कळलं' हा राग मूळ विषयाहून मोठा होतो.

१९५४च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करायचं असेल, तर वेळेचं भान आणखी ठेवावं लागतं. त्यात विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात लावली जाते आणि हरकतींसाठी ३० दिवस असतात. घरी सांगण्याआधी ही नोटीस ओळखीच्या कुणी वाचली, तर सांगण्याची संधीच हातची जाते.

मात्र घरी मारहाणीची किंवा कोंडून ठेवण्याची भीती असेल, तर हा क्रम लागू नाही. तिथे उत्तराचा दुसरा परिच्छेद बदलतो : आधी सुरक्षित जागा आणि वकिलाचा सल्ला, घरच्यांना सांगणं त्यानंतर.