जिमची पावती फाडण्यापूर्वी

सेकंड इयरला मी रूमजवळच्या एका जिमची वर्षाची फी एकरकमी भरून टाकली. बघायला गेलो होतो रविवारी सकाळी अकराला. आत चिटपाखरू नाही, आरसे चकचकीत, ट्रेडमिल सहा! सोमवारी संध्याकाळी सातला गेलो, तर मेसमध्ये गुलाबजाम असल्यासारखी रांग. दोन महिन्यांत जाणं सुटलं आणि पैसे पाण्यात.

चूक अशी, की मी जिम बघितली, पण माझा प्रोग्रॅम डोक्यात ठेवून बघितली नाही. प्रोग्रॅम साधा होता. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस स्क्वॉट, बेंच प्रेस, रो. पुढच्या खेपेला स्क्वॉट, ओव्हरहेड प्रेस, डेडलिफ्ट. म्हणजे स्क्वॉट दर वेळी. मग सहा ट्रेडमिलचं मला काय करायचं? मला हवा होता रॅक, आणि तो होता एकच. शेजारचं स्मिथ मशीन त्याच्या जागी चालत नाही, कारण त्यातला बार रुळांवरून ठरलेल्या रेषेतच सरकतो. तोल आपल्याला सांभाळावाच लागत नाही.

आता रांगेचं गणित बघा. पाच सेट, प्रत्येकी साधारण 40 सेकंद, मध्ये तीन-तीन मिनिटं विश्रांती, म्हणजे सुमारे 15 मिनिटं. वॉर्म-अप धरून 20. आपल्यापुढे दोघं असले की 40 मिनिटं नुसतं उभं राहायचं. एकाच्या विश्रांतीत दुसऱ्याने सेट मारला तर वेळ वाचतो, पण दोघांच्या वजनात फार फरक असेल तर प्लेटा काढण्या-घालण्यातच तो जातो.

दुसरी गोष्ट छोट्या प्लेटांची. सगळ्यात लहान प्लेट अडीच किलोची असेल, तर दोन्ही बाजूंना मिळून एकदम पाच किलो वाढतात. ओव्हरहेड प्रेसला 30 वरून थेट 35, म्हणजे जवळपास 17 टक्के वाढ. तिथेच गाडी अडते. सव्वा किलोच्या प्लेटा असतील तर 32.5 करता येतं. बारचं वजनही विचारा. ऑलिंपिक बार 20 किलोचा असतो, पण पुष्कळ जिममध्ये बारीक, हलके बार असतात. खात्री नसेल तर वजनकाट्यावर बार घेऊन उभं राहा, मग बाराशिवाय; वजाबाकी करा.

यंदा जिम बदलताना मी एका दिवसाचे पैसे देऊन सोमवारी संध्याकाळी सातलाच गेलो आणि पूर्ण वर्कआउट करून बघितला. रॅक दोन, दोन्हींना सेफ्टी बार, सव्वाच्या प्लेटा चार. स्क्वॉटसाठी थांबलो सात मिनिटं. एसी नाही, आरसा एका कोपऱ्यात तडकलेला. तरी फी भरली, पण या वेळी एकाच महिन्याची. दुसरा महिना टिकला तर मग तीन महिन्यांची पावती फाडीन.