वाटीतलं तूप आणि सँडविचमधलं चीज

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला आलेल्या सूनबाईंनी सासूबाईंच्या आग्रहाखातर रक्त तपासून घेतलं. लॅबच्या कागदावर कोलेस्टेरॉल 213. घरात चिंतेची कुजबुज सुरू झाली. महिनाभरापूर्वी लंडनजवळच्या स्लाऊमध्ये त्यांच्या डॉक्टरांनी हाच आकडा 5.5 सांगितला होता आणि तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. वास्तविक दोन्ही आकडे एकच आहेत. भारतात मोजमाप मिलिग्रॅममध्ये होतं, ब्रिटनमध्ये मिलिमोलमध्ये. ब्रिटिश आकड्याला 38.67 ने गुणलं की आपला आकडा मिळतो. ट्रायग्लिसराइड्ससाठी मात्र 88.5 ने गुणावं लागतं.

आकडा कळला की परदेशातल्या मराठी घरात पहिली गदा येते ती तुपावर. वरणभातावरची धार बंद होते, फोडणी आखडते. ही शिक्षा योग्य आरोपीला होते आहे का, हे एका दिवसाचा हिशोब मांडला की समजतं.

हिशोब करायचा तो संपृक्त चरबीचा, म्हणजे ब्रिटिश पाकिटांवर ‘सॅच्युरेट्स’ म्हणून लिहिलेली असते तिचा. रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढवण्यात तिचा मोठा हात असतो. ब्रिटनच्या आरोग्यसेवेने बाईसाठी दिवसाला 20 ग्रॅम आणि पुरुषासाठी 30 ग्रॅम ही मर्यादा सांगितली आहे.

आता या सूनबाईंचा ऑफिसचा एक साधा दिवस पाहू. सकाळी दोन टोस्टना दहा ग्रॅम लोणी, त्यात 5 ग्रॅम. दिवसभराच्या चहाकॉफीत निळ्या झाकणाचं, म्हणजे पूर्ण सायीचं 200 मिलिलिटर दूध, साडेचार ग्रॅम. दुपारी दुकानातून घेतलेलं चीज-कांद्याचं सँडविच, साधारण 9 ग्रॅम, आणि सोबतच्या वेफर्समध्ये एक. रात्री घरचं जेवण. वरणभातावर चमचाभर तूप, 3 ग्रॅम. भाजीत आणि कोशिंबिरीत मिळून दोन मोठे चमचे ओलं खोबरं, 6 ग्रॅम. फोडणीत वाट्याला आलेलं चमचाभर तेल, एक ग्रॅम. बेरीज होते साडेएकोणतीस.

तूप पूर्ण बंद केलं तरी साडेसव्वीस उरतातच. दिवसाचा सर्वांत मोठा वाटा सँडविचचा आहे, आणि त्या सँडविचकडे घरात कुणी संशयाने पाहिलेलंही नाही.

याच दिवसाला चार टाके घालता येतात. टोस्टवर लोण्याऐवजी दाण्याचं बटर लावलं तर 5 च्या जागी दीड ग्रॅम होतो. दूध हिरव्या झाकणाचं, म्हणजे निम्म्या सायीचं घेतलं तर साडेचारचे सव्वादोन होतात. दुपारी चीजऐवजी आदल्या रात्रीची मुगाची उसळ कणकेच्या पिट्टा ब्रेडमध्ये भरून नेली आणि वेफर्सच्या जागी मूठभर फुटाणे घेतले, तर दहाचे अडीच होतात. खोबरं निम्मं केलं की तीन वाचतात. तुपाला हात न लावता बेरीज 13 ग्रॅमच्या आसपास येते.

उसळीचा फायदा दुहेरी आहे. टोरांटोच्या संशोधकांनी 2014 मध्ये 26 चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा रोज सुमारे 130 ग्रॅम शिजलेली कडधान्यं खाणाऱ्यांचं एलडीएल सरासरी पाच टक्क्यांनी उतरलेलं दिसलं. मटकी, चवळी आणि कुळीथ कपाटात असताना त्यासाठी वेगळं काही शोधावं लागत नाही. ओटही उपयोगी आहेत. त्यांच्यातला चिकट तंतू रोज तीन ग्रॅम पोटात गेला तर कोलेस्टेरॉल उतरतं. थालीपिठाच्या भाजणीत ओटचं पीठ मिसळलं, तर मुलं तक्रारही करत नाहीत.

तेलाचा प्रश्न थोडा वेगळा आहे. ब्रिटनमधल्या दुकानात नुसतं ‘व्हेजिटेबल ऑइल’ लिहिलेल्या बाटलीत बहुधा रेपसीडचं, म्हणजे मोहरीच्या कुळातलं तेल असतं. त्यात संपृक्त चरबी जेमतेम सात टक्के असते. शेंगदाण्याच्या तेलात ती त्याच्या दुपटीहून जास्त, पामतेलात निम्मी आणि खोबरेल तेलात पंचाऐंशी टक्क्यांच्या वर. त्यामुळे फोडणीला रेपसीड चांगलं. अडचण मापाची आहे, कारण पळीने ओतलेलं तेल कुणी मोजत नाही. यावर सोपा उपाय आहे. नवी बाटली उघडली की तिच्यावर मार्करने तारीख घालावी. चौघांच्या घरात महिन्याला तीन लिटर संपत असेल, तर माणशी रोज 25 मिलिलिटर होतं, म्हणजे फोडणीतूनच दोनशे कॅलरी.

मटणाच्या रश्श्याची परीक्षा फ्रीज घेतो. शनिवारी केलेलं पातेलं रात्रभर आत ठेवलं की सकाळी वर पांढरी, घट्ट पापडी धरलेली असते. ती मटणाची चरबी. चमच्याने उचलली की सहज निघते आणि मसाल्याची चव खाली रश्श्यात राहते. रेपसीडचं तेल मात्र गारठ्यातही पिवळं आणि पातळच राहतं. बाहेरून आणलेला कोर्मा उरला, तर त्यालाही हीच परीक्षा लावता येते.

तयार जेवणाच्या पाकिटावर अनेकदा लाल, पिवळ्या, हिरव्या रंगांच्या चौकटी असतात. शंभर ग्रॅममध्ये पाचपेक्षा जास्त सॅच्युरेट्स म्हणजे लाल, दीडपर्यंत हिरवा. फसगत होते ती वाटणीत. समजा, 380 ग्रॅमच्या डब्यात शंभराला 2.8 ग्रॅम आहेत. चौकटीत ‘अर्धं पॅक’ धरून 5.3 आणि पिवळा रंग छापलेला असतो. रात्री उशिरा घरी आलेला माणूस पूर्ण डबा संपवतो, म्हणजे साडेदहाच्या वर. म्हणून आधी वाटणीची ओळ वाचायची, रंग नंतर पाहायचा. घटकांच्या यादीतही नजर टाकावी. डिसेंबर 2014 पासून तिथे नुसतं ‘वनस्पती तेल’ लिहून भागत नाही, पाम असेल तर पाम असंच छापावं लागतं. पापुद्र्यांच्या गोठवलेल्या पराठ्यांच्या यादीत ते बऱ्याचदा सापडतं.

शुक्रवारच्या चिप्सला पाकीट नसतं, तिथे विचारावंच लागतं. यॉर्कशरमध्ये त्या गोमांसाच्या चरबीत तळायची जुनी रीत आहे. इतरत्र अनेक ठिकाणी पामतेल वापरतात. बटाट्याचा तुकडा जाड असेल तर तो तेल कमी पितो.

सगळी चरबी काढून टाकली तरी ट्रायग्लिसराइड्स उतरत नाहीत, असा अनुभव बऱ्याच जणांना येतो. दक्षिण आशियाई लोकांमध्ये ट्रायग्लिसराइड्स जास्त, चांगलं एचडीएल कमी आणि पोट सुटलेलं, हे त्रिकूट वारंवार दिसतं. त्यामागे बहुधा ताटातला भाताचा डोंगर, उपासाचा साबुदाणा, कोल्ड्रिंक आणि शनिवारची बिअर असते. तेल कमी करून त्या जागी भात वाढवला, तर हा आकडा चढतो. उपाशीपोटी तो 1.7 च्या खाली हवा, म्हणजे भारतीय मापाने 150.

स्वयंपाकघराच्या आवाक्याबाहेरचंही काही असतं. तिशीच्या आत एकूण कोलेस्टेरॉल साडेसातच्या वर गेलं, तर डॉक्टर घराण्यातून आलेल्या दोषाची शक्यता तपासतात. तिथे उसळ मदत करते, पण गोळीची जागा घेत नाही. चालू असलेली गोळी मनाने थांबवू नये.

सूनबाईंची पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे. फ्रीजच्या दारावर तिची तारीख चिकटवलेली आहे आणि खाली तेलाच्या बाटलीवरची तारीख लिहिलेली आहे. ओट्यावर तुपाची वाटी अजून आहे, फक्त तिच्यात आता छोटा चमचा आहे.