काळीज झाडावर राहिलं

माकड आणि मगर यांची गोष्ट आपल्याकडे बहुतेक मुलं पहिली-दुसरीच्या आतच ऐकतात. नदीकाठचं जांभळाचं झाड, मगराच्या पाठीवर बसलेलं माकड आणि ‘काळीज झाडावरच राहिलं’ ही थाप. गेली दीड-दोन हजार वर्षं ही थाप जवळपास तशीच टिकून आहे. तिच्या आजूबाजूचं मात्र पुष्कळ बदललं. काही भर पडली, काही गळलं. मला वाटतं, जे गळलं त्यातला एक तुकडा परत आणायला हवा.

गोष्टीचं जुनं रूप पाली जातकांत सापडतं. जातक क्रमांक 208, सुंसुमार जातक. दुर्गा भागवतांनी ‘सिद्धार्थ जातक’ मराठीत आणल्यामुळे ही गोष्ट मुळाबरहुकूम वाचण्याची सोय आपल्याला आहे. त्यातलं माकड गंगेच्या काठी राहतं, चांगलं धिप्पाड आहे. मगराच्या बायकोला त्याचं काळीज खाण्याचे डोहाळे लागतात. मगर माकडाला पैलतीरावरच्या आंब्या-फणसांचं आमिष दाखवतो, पाठीवर घेतो आणि मधेच बुडी मारू लागतो. माकड विचारतं, हे काय? मगर खरं ते सांगून टाकतो. तेव्हा माकड म्हणतं, आम्ही दिवसभर फांद्यांवरून उड्या मारतो, काळीज पोटात असतं तर त्याच्या चिंधड्या झाल्या असत्या. ते बघ, त्या उंबरावर लटकतंय. पिकल्या उंबरांचे लाल घोस दुरून दिसत असतात आणि मगराला ते पटतं.

या जातकात माकड आणि मगर एकमेकांचे मित्र नाहीत. एक शिकारी, एक शिकार. त्यामुळे शेवटही सरळ आहे. झाडावर पोचलेलं माकड मगराला सुनावतं की तुझं अंग मोठं, पण अक्कल तेवढी नाही. शहाणा सुटला, मूर्ख फसला, गोष्ट संपली.

जातक क्रमांक 57 मध्ये हीच जोडी पुन्हा भेटते आणि तिथली युक्ती मोठ्याने वाचायला फार रंगते. माकड रोज नदीतल्या एका खडकावर उडी मारून बेटावर जातं. एका संध्याकाळी मगर त्या खडकावर दबा धरून बसतो. माकडाच्या लक्षात येतं की पाणी चढलेलं नाही, उतरलेलंही नाही, मग खडक आज उंच कसा? ते हाक मारतं, ‘अरे खडका!’ उत्तर नाही. पुन्हा हाक मारतं. मग म्हणतं, ‘आज का रे बोलत नाहीस?’ मगराला वाटतं, हा खडक रोज बोलत असणार. आणि तो ‘ओ’ देतो.

मैत्री आली ती पंचतंत्रात. त्याच्या चौथ्या तंत्राचं नाव लब्धप्रणाश, म्हणजे मिळालेलं गमावणं, आणि माकड-मगराची गोष्ट ही त्या तंत्राची मुख्य चौकट. माकडाचं नाव रक्तमुख, मगराचं करालमुख. समुद्रकाठच्या जांभळीवर माकड राहतं, खाली आलेल्या मगराला पाहुणा मानून जांभळं देतं आणि मग रोजच्या गप्पा सुरू होतात. आता मगर जे करणार तो विश्वासघात ठरतो आणि गोष्टीचं वजनच बदलतं. वाचून दाखवायला मी हेच रूप घेईन, साधारण असं:

जांभळीवर एक माकड राहायचं. खाली पाण्यात एक मगर यायचा. माकड वरून जांभळं टाकायचं, मगर तोंड उघडून झेलायचा. टुप्! टुप्! टुप्! निघताना माकड म्हणायचं, ‘मगरदादा, ही चार वहिनींना न्या.’ मगराच्या बायकोनं जांभळं खाल्ली. म्हणाली, ‘रोज एवढं गोड खाणाऱ्याचं काळीज किती गोड असेल! मला ते आणून द्या.’ मगर म्हणाला, ‘अगं, तो माझा भाऊ आहे.’ बायको जेवेना, बोलेना. एक दिवस झाला, दोन दिवस झाले. मगर खाली मान घालून झाडापाशी आला. ‘माकडभाऊ, वहिनीनं तुला जेवायला बोलावलंय.’ ‘पण मला पोहता कुठं येतं?’ ‘माझ्या पाठीवर बस.’ माकड बसलं. पाणी खोल झालं. काठ दिसेनासा झाला. माकड म्हणालं, ‘दादा, हळू चला, मला भीती वाटते.’ मगराला वाटलं, आता हा कुठं जातोय? आणि त्यानं सांगून टाकलं, ‘भाऊ, देवाचं नाव घे. तुझ्या वहिनीला तुझं काळीज हवंय.’

(इथे थांबावं. मुलांना पाणी दिसू द्यावं.)

माकड म्हणालं, ‘एवढंच ना? मग आधी नाही का सांगायचं! काळीज तर मी झाडाच्या ढोलीत जपून ठेवतो. वहिनींसाठी काढून दिलं असतं. आता रिकाम्या माकडाला नेऊन काय करणार? चला मागे.’ मगर वळला. काठ आला. माकडानं अशी उडी मारली की थेट शेंड्यावर! मगर खालून म्हणाला, ‘भाऊ, काळीज दे ना.’ माकड म्हणालं, ‘दादा, काळीज कधी कुणी काढून ठेवतं का? जा आता. आणि पुन्हा या झाडाखाली येऊ नका.’

वाचणाऱ्यांची एक चूक इथे हमखास होते. माकड तोंड उघडण्याआधीच ते सांगून टाकतात, ‘मग माकडाने एक युक्ती केली.’ तेवढ्याने सगळी हवा जाते. थाप ऐकताना मुलालाही क्षणभर वाटलं पाहिजे की खरंच का हो, काळीज ढोलीत ठेवता येतं? म्हणून ते वाक्य घाईने, काहीशा तक्रारीच्या सुरात म्हणावं. माकड घाबरलेलं वाटता कामा नये, त्याला हळहळ वाटतेय असं वाटलं पाहिजे. मगर फसतो तो या हळहळीला.

पंचतंत्र सहाव्या शतकात इराणमध्ये गेलं. खुस्रो अनुशिरवान राजासाठी बुर्झोय नावाच्या वैद्याने ते पहलवीत नेलं आणि आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने त्यावरून अरबी ‘कलीला व दिम्ना’ लिहिलं. तिथे मगराच्या जागी कासव आहे आणि माकड हा म्हातारपणी गादीवरून हुसकावलेला राजा. तो अंजिराच्या झाडावर एकटाच बसून फळं पाण्यात टाकतो, कारण त्यांचा आवाज त्याला आवडतो. कासवाला वाटतं, हा माझ्यासाठीच टाकतोय. मैत्रीची अशी सुरुवात मला जांभळाच्या मेजवानीपेक्षाही सुंदर वाटते. वरच्या कथनात मी ‘टुप्! टुप्!’ घातलं ते तिच्यामुळेच. थापेचं कारणही या रूपात निराळं आहे: मित्राच्या घरी पाहुणा म्हणून जाताना काळीज घरी ठेवून जायची आमची रीत आहे.

कोरियात तर या गोष्टीने एक माणूस सोडवला. 1145 सालच्या ‘सामगुक सागी’ या इतिहासग्रंथात ही हकीकत आहे. 642 मध्ये सिल्लाचा किम चुनचू मदत मागायला गोगुर्योच्या राजाकडे गेला. राजाने उलट प्रदेशच मागितला आणि किमने नकार देताच त्याला अडकवून ठेवलं. तिथल्या एका दरबाऱ्याला किमने कापडाची भेट पाठवली. तो भेटायला आला आणि त्याने सहज सांगावी तशी एक गोष्ट सांगितली. समुद्रातल्या नागराजाच्या मुलीच्या औषधासाठी कासव सशाला पाठीवरून नेतं. वाटेत खरं कळल्यावर ससा म्हणतो, काळीज काढून धुतलं आणि खडकाखाली ठेवून आलो, परत फिरू या. किम समजला. प्रदेश परत करायला सांगेन असं वचन त्याने राजाला लिहून दिलं आणि सुटला. पुढे तो सिल्लाचा राजा झाला.

समुद्रमार्गे गोष्ट आफ्रिकेच्या किनाऱ्यालाही लागली. एडवर्ड स्टीअर यांनी झांजिबारच्या लोकांकडून ऐकलेल्या स्वाहिली कथा 1870 मध्ये छापल्या. त्यात माकड आहे आणि मगराच्या जागी शार्क. शार्कच्या मुलखातला सुलतान आजारी आहे आणि औषध म्हणून माकडाचं काळीज हवंय. सुटल्यावर माकड विचारतं, मी काय धोब्याचं गाढव आहे? आणि मग त्या गाढवाची गोष्ट सांगतं, जे एकदा सिंहाच्या तावडीतून सुटूनही सशाच्या बोलण्याला भुलून परत गेलं. पंचतंत्राच्या याच चौथ्या तंत्रात रक्तमुखही मगराला गाढवाची हीच गोष्ट सांगतो. म्हणजे एक गोष्ट दुसरीला पोटात घेऊन अरबी समुद्र ओलांडून गेली.

आता गळालेल्या तुकड्याकडे येतो. आपली मुलांची पुस्तकं माकड झाडावर चढलं की संपतात, खाली तात्पर्याची एक ओळ असते. पंचतंत्र तिथे संपत नाही. मगर झाडाखालीच घुटमळत राहतो. तेवढ्यात पाण्यातला एक प्राणी निरोप आणतो की तुझी बायको उपाशी राहून गेली. मगर रडतो. मग दुसरी बातमी येते, त्याच्या घरात एक दांडगा मगर घुसून बसलाय. सगळं गमावलेला करालमुख शेवटी वर बघतो आणि ज्याला मारायला निघाला होता त्यालाच विचारतो, मी आता काय करू?

माकड आधी चिडतं. तुझ्यासारख्याला सल्ला देऊन उपयोग काय, असं म्हणतं. पण शेवटी सल्ला देतं: आपलं घर परत मिळवायला लढ. मगर जातो, लढतो आणि घर मिळवतो. या सगळ्यात माकड झाडावरून एकदाही खाली उतरत नाही.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला यातून जे कळतं ते तात्पर्याच्या ओळीत मावत नाही. ज्याने दगा दिला त्याच्या पाठीवर पुन्हा बसायचं नाही, हे कळतं. आणि तो रडत आला तर त्याला झाडावरून चार शब्द सांगता येतात, हेही कळतं. नुसतं पहिलं शिकवलं तर मूल चलाख होतं, आणि माझ्या मते निव्वळ चलाखीसाठी ही गोष्ट सांगायला नको.

बायकोचं मरण लहानांना जड वाटत असेल तर ते गाळा, ‘ती रुसून माहेरी गेली’ म्हणा. तोंडी गोष्टीत एवढी मोकळीक असतेच. पण मगराचं परत येणं आणि माकडाने दिलेला सल्ला गाळू नका. पुस्तकात नसला तरी शेवटचं पान वाचून झाल्यावर तेवढा भाग तोंडाने सांगा. त्याला पाच मिनिटंही लागत नाहीत.