पदर उलटा करून बघ

मावसबहिणीच्या लग्नासाठी लेकीला पहिली साडी घ्यायची होती, म्हणून आई तिला थेट येवल्याला घेऊन आली. इथे पैठणीच्या कित्येक दुकानांमागे हातमाग चालू असतात. गादीवर बसताच लेकीनं मोठ्या मोरांची जांभळी साडी ओढून घेतली.

"डोळे मीट. पदराच्या उलट्या बाजूनं हात फिरव," आई म्हणाली.

बोटांना खरखर लागली, एका मोरापाशी तर अंगठीत धागाच अडकला. मग आईनं शेजारच्या साडीचा पदर तिच्या हाती दिला. त्याची कुठली बाजू सुलटी, हे हाताला कळेना.

हातमागावर पदरातल्या प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी असते. विणकर तो रंग हवा तेवढ्याच जागेत फिरवतो आणि शेजारच्या रंगात अडकवून मागे वळवतो. त्यामुळे मोर दोन्हीकडून सारखाच दिसतो. यंत्रावर रंगीत धागा सगळ्या पन्ह्यातून धावतो आणि नक्षी नसेल तिथे मागे मोकळा लोंबतो. तो कापला की टोकं टोचतात, ठेवला की बांगडीत अडकतो. पदरामागे जाळी शिवली असेल, तर ती का शिवली हे जरूर विचारावं. ही पारख मात्र पैठणीपुरतीच. हातमागावरच्या बनारसीतही मागे सुटे धागे असू शकतात.

विणकाम हाताचं ठरलं, पण रेशमाचं काय? आईनं साडीचा कोपरा लेकीच्या मुठीत दाबून धरायला लावला. रेशीम मुठीत चटकन ऊब धरतं, चुरगाळलं तर हलकी वळी पडते आणि दोन थर एकमेकांवर घासले की बारीक करकर ऐकू येते. पॉलिस्टर बहुधा गार, निसरडं लागतं आणि वळी धरत नाही.

"पण खळ दिलेली असेल तर?" लेकीनं विचारलं. प्रश्न रास्त होता. खळीनं आणि इस्त्रीनं हात फसतो, सरावलेलासुद्धा. म्हणून आईनं दुकानदारकाकांकडे दशांमधला एक उभा आणि एक आडवा धागा मागितला. उभा रेशमाचा आणि आडवा भेसळीचा, असंही होतं, म्हणून दोन्ही बघायचे. काकांनी ते काडीनं पेटवले. दोन्हींना जळक्या केसांचा वास आला आणि राख चिमटीत भुगा झाली. पॉलिस्टर वितळून कडक मणी झाला असता.

हातविणीच्या मोरांची साडी बजेटबाहेर होती. लेकीनं बारीक काठांची, साध्या पदराची मोरपंखी निवडली आणि पैसे देण्याआधी, कुणी न सांगता, पदर उलटा करून पाहिला.

काका घडी घालताना म्हणाले, "सुती कापडात गुंडाळून ठेव बाळा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. आणि दोन-तीन महिन्यांनी घडी बदलत जा, नाहीतर मोडीवर जर तुटते."