तीन म्हणजे तिसरा नंबर नव्हे

एप्रिल-मेमध्ये अप्रेझलची पत्रं हातात पडली की कँटीनमध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘तुला किती मिळाले?’ त्याला चार, मला तीन, म्हणजे मी त्याच्या खाली, हा हिशेब चहा संपायच्या आत होतो. रेटिंगची पद्धत नवीन असेल तर तो आणखी चुकतो, कारण जुन्या सवयीने नवे शब्द वाचले जातात. म्हणून नवी श्रेणी आणताना कंपनीने आधी एकच गोष्ट नीट सांगायला हवी, ती म्हणजे तुलना कोणाची कोणाशी होणार आहे.

दहावीत साठ टक्के पडले की फर्स्ट क्लास. तो वर्गातल्या सगळ्यांनाही मिळू शकतो. पहिला नंबर मात्र एकाचाच येतो. रेटिंग हे फर्स्ट क्लाससारखं असतं, त्यात माणसाचं काम ठरलेल्या अपेक्षेशी ताडून पाहिलं जातं. रँकिंगमध्ये माणूस माणसाशी ताडला जातो. आपल्या कंपनीत नेमकं काय चालतं हे ओळखायला एक प्रश्न पुरतो. टीममधले दोन सर्वांत हुशार लोक उद्या सोडून गेले, तर काम तेच असताना माझी श्रेणी आपोआप वर जाईल का? जाणार असेल, तर नाव काहीही असो, ते रँकिंगच.

कर्मचाऱ्यांच्या मनातला संशय हवेतून आलेला नाही. जॅक वेल्श यांच्या काळात जनरल इलेक्ट्रिकमध्ये दरवर्षी वरचे 20 टक्के, मधले 70 आणि तळाचे 10 अशी विभागणी होई, आणि तळातल्यांवर नोकरी जाण्याची टांगती तलवार असे. मायक्रोसॉफ्टने अशी सक्तीची उतरंड 2013 मध्ये बंद केली. आपल्याकडच्या आयटी कंपन्यांमध्येही ‘बेल कर्व्ह’ हा शब्द घरोघरी पोचला तो याच कारणाने. त्यामुळे नव्या श्रेणीच्या बैठकीत पहिलं उत्तर द्यायचं ते कोट्याचं. कोणत्या श्रेणीत किती जण बसवायचे हे आधी ठरलेलं आहे का? असेल, तर ‘ही क्रमवारी नाही’ असं म्हणू नये. नसेल, तर ते लेखी द्यावं.

आता एक काल्पनिक पण रोजच्या व्यवहारातलं उदाहरण घेऊ. चाकणच्या एका कारखान्यात एक ते पाच आकड्यांची पद्धत जाऊन चार श्रेणी आल्या: ‘सुधारणा आवश्यक’, ‘अंशतः अपेक्षेप्रमाणे’, ‘अपेक्षेप्रमाणे’ आणि ‘अपेक्षेपेक्षा सरस’. आकडे काढले हे बरं झालं, कारण आकडा दिसला की मन लगेच क्रम लावतं. पण अशा वेळी जुना तीन म्हणजे नवी कोणती श्रेणी, असा तक्ता काढायचा मोह होतो. तो काढला की लोक पुन्हा आकडेच बोलू लागतात. जुने आकडे जुन्या फाइलीत राहू द्यावेत आणि नव्या श्रेणीचा अर्थ प्रत्येक कामासाठी वेगळा लिहावा.

या कारखान्यात स्टोअर्स असिस्टंटसाठी तो असा लिहिला: स्टॉकच्या नोंदी किमान 98 टक्के अचूक, लाइनवरून मागणी आल्यावर 30 मिनिटांत माल पोच, आलेल्या मालाची नोंद त्याच दिवशी. हे तिन्ही जमलं की ‘अपेक्षेप्रमाणे’. ‘सरस’ कधी? नेमून दिलेल्या कामापलीकडे जाऊन, उदाहरणार्थ, रॅकची अशी नवी मांडणी बसवली की इतर शिफ्टचाही शोधाशोधीचा वेळ वाचला, तर.

वर्षाअखेरीस एका असिस्टंटची अचूकता 98.2 टक्के निघाली, दुसऱ्याची 99.1. दोघंही ‘अपेक्षेप्रमाणे’. दुसरा साहजिकच म्हणाला, ‘साहेब, मी त्याच्यापेक्षा चांगला आहे, मग दोघांना सारखंच कसं?’ यावर ‘तुम्ही दोघं सारखेच’ असं सांगणं चूक, कारण ते खरं नाही. खरं उत्तर असं की, तुझी अचूकता जास्त आहे हे मान्य, त्याची नोंद शेऱ्यात आहे. पण दोघांत पुढे कोण, हे ही श्रेणी सांगतच नाही. दोघांनीही ठरलेलं काम पूर्ण केलं, एवढंच ती सांगते.

खरी ठिणगी पडते ती पगारवाढीवरून. समजा या पदाचा पगारपट्टा 22,000 ते 32,000 रुपयांचा आहे. पहिल्याला 24,000 मिळतात, दुसऱ्याला 30,000. श्रेणी एकच, पण पहिल्याला 9 टक्के म्हणजे 2,160 रुपये वाढ आणि दुसऱ्याला 6 टक्के म्हणजे 1,800. पट्ट्याच्या तळाशी असलेल्याला वेगाने वर आणायचं, हा त्यामागचा नियम. तो आधी सांगितला नाही, तर दुसरा माणूस टक्क्यांवरूनच आपला नंबर काढतो. म्हणून श्रेणीचं पत्र आणि वाढीचं पत्र वेगवेगळं द्यावं, शक्यतो काही दिवसांच्या अंतराने, आणि वाढ श्रेणीबरोबरच पट्ट्यातल्या जागेवर आणि बजेटवर ठरते हे स्पष्ट लिहावं.

दुसरी धोक्याची जागा म्हणजे विभागप्रमुखांची एकत्र बैठक. एका साहेबांचा हात सैल, दुसऱ्यांचा आखडता, तेव्हा मोजपट्टी एक राहावी म्हणून ती घेतात. तिथे ‘या श्रेणीला पुरावा काय?’ असं विचारलं तर रेटिंग टिकतं. ‘तुमच्याकडे सरस फार झाले, दोन कमी करा’ म्हटलं की कोटा मागच्या दाराने आत शिरला. बाहेर येऊन साहेब म्हणतात, ‘मी देत होतो, एचआरने कापलं,’ आणि सगळं समजावणं पाण्यात जातं. म्हणून नवी श्रेणी कर्मचाऱ्यांआधी सुपरवायझरना शिकवावी लागते. एका काल्पनिक कर्मचाऱ्याच्या कामाचं पानभर वर्णन सगळ्यांना देऊन श्रेणी द्यायला लावावी. उत्तरं तीन तऱ्हेची आली, तर घोळ शब्दांच्या व्याख्येत आहे हे तिथेच कळतं.

व्याख्येइतकाच महत्त्वाचा असतो श्रेणीचा परिणाम. देव दत्त या सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेतल्या अधिकाऱ्याच्या गोपनीय अहवालात 1993-94 साठी ‘चांगला’ असा शेरा होता. ऐकायला बरा. पण बढतीसाठी पाचही वर्षं ‘अति उत्तम’ लागत होतं, त्यामुळे याच शेऱ्याने त्यांची बढती अडली, आणि तो त्यांना कळवलेलाही नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये निकाल दिला की, प्रत्येक शेरा, मग तो चांगला असो वा वाईट, कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. खासगी कंपनीलाही यातून घेण्यासारखं आहे. ‘अपेक्षेप्रमाणे’ ही समाधानाची श्रेणी आहे असं सांगायचं आणि बढतीसाठी मात्र सलग दोन वर्षं ‘सरस’ मागायचं असेल, तर ती अट पहिल्याच दिवशी त्याच कागदावर हवी.

समजावणं पोचलं की नाही, हे टाळ्यांवरून कळत नाही. बैठकीनंतर चार-पाच जणांना विचारावं, ‘अपेक्षेप्रमाणे म्हणजे तुमच्या कामात काय, तुमच्या शब्दांत सांगा.’ उत्तरात ‘मधला’ किंवा ‘सरासरी’ असं आलं तर अजून क्रमवारीच वाचली जाते आहे. नोंदी, वेळ, माल अशी कामाची भाषा आली तर श्रेणी समजली. त्यानंतर विभागवार आलेख भिंतीवर लावू नये, श्रेणीनुसार लावलेली नावांची यादी फिरवू नये, आणि चार निकषांची सरासरी काढून 3.27 सारखा दशांश छापू नये. 3.27 आणि 3.31 असं छापल्यावर त्यात क्रम नाही, हे कोणीही मानणार नाही.