ड्रेनवर किती व्होल्ट? आधी गृहीत धरा, मग तपासा

मॉसफेट अँप्लिफायरला आवाजाचा सिग्नल देण्याआधी, सिग्नल नसताना त्यातून किती करंट वाहतो आणि ड्रेनवर किती व्होल्ट असतात, हे ठरवावं लागतं. यालाच डीसी बायसिंग म्हणतात. अडचण अशी की करंटचं सूत्र मॉसफेट कोणत्या अवस्थेत आहे यावर अवलंबून असतं, आणि अवस्था तर उत्तर आल्यावरच कळते. म्हणून तो सॅच्युरेशनमध्ये आहे असं आधी गृहीत धरायचं. या अवस्थेत करंट जवळजवळ फक्त गेट ठरवतं, ड्रेनचा व्होल्टेज बदलला तरी त्याला फारसा फरक पडत नाही.

एक सर्किट घेऊ. पुरवठा 15 व्होल्ट. गेटला वरून 2 मेगओहम आणि खालून 1 मेगओहम, म्हणजे गेटवर 5 व्होल्ट, कारण गेट स्वतः करंट घेतच नाही. ड्रेनला 5 किलोओहम, सोर्सला 3 किलोओहम. थ्रेशोल्ड 1 व्होल्ट. गेट-सोर्स व्होल्टेज त्याच्या वर जितका जाईल त्याला `V` म्हणू, आणि या मॉसफेटचा करंट मिलिअँपमध्ये `V²` आहे असं समजू.

गेटच्या 5 व्होल्टांतून थ्रेशोल्डचा 1 गेला, उरले 4. ते `V` आणि सोर्सच्या रेझिस्टरमध्ये वाटले जातात:

```
4 = V + 3V²
```

या समीकरणाची उत्तरं दोन: 1 आणि −1.33. दुसरं टाकून द्यायचं, कारण त्यात गेट-सोर्स व्होल्टेज थ्रेशोल्डच्या खाली जातो आणि मॉसफेट बंदच राहील. उरलं 1. म्हणजे करंट 1 मिलिअँप, सोर्सवर 3 व्होल्ट, ड्रेनवर 15 वजा 5, म्हणजे 10.

इथे थांबणारे विद्यार्थी पुष्कळ. पण गृहीतक अजून तपासायचं आहे. ड्रेन ते सोर्स 7 व्होल्ट आहेत. सॅच्युरेशनला निदान `V` एवढे, म्हणजे 1 व्होल्ट लागतात. गृहीतक टिकलं. ड्रेनला 12 किलोओहम लावले असते, तर याच गणिताने ड्रेनवर 3 व्होल्ट आले असते, नेमके सोर्सइतके. दोन टोकांत फरकच नाही आणि तरी 1 मिलिअँप वाहतोय, हे शक्य नाही. अशा वेळी उत्तर रद्द करून ट्रायोड अवस्थेचं सूत्र वापरायचं. खरा करंट 1 मिलिअँपपेक्षा कमी निघतो.

सोर्सच्या रेझिस्टरचं मोल मला सगळ्यात जास्त वाटतं. 2N7000 या नेहमीच्या मॉसफेटच्या डेटाशीटमध्ये थ्रेशोल्ड 0.8 ते 3 व्होल्ट दिलेला असतो. एकाच नंबरचे दोन नग इतके वेगळे निघू शकतात. आपल्या सर्किटमध्ये थ्रेशोल्ड 2 व्होल्ट असता, तर करंट सुमारे 0.72 मिलिअँपवर आला असता आणि ड्रेन 11.4 व्होल्टवर, अँप्लिफायर चालू राहिला असता. तोच सोर्स थेट ग्राउंडला जोडून गेटवर 2 व्होल्ट दिले असते, तर करंट 1 मिलिअँपवरून शून्यावर गेला असता.

मल्टिमीटरने गेट मोजताना 5 ऐवजी 4.7 व्होल्टच्या आसपास दिसले, तर घाबरू नये. मीटरचा स्वतःचा साधारण 10 मेगओहमचा रेझिस्टन्स खालच्या 1 मेगओहमला समांतर जोडला जातो.